जीडीत सुरुवात कशी करायची आणि समोरच्याचं पटलं नाही तर काय बोलायचं

मागच्या व्हिडिओत ग्रुप डिस्कशनचा विषय घेतला होता, पण वेळ कमी पडला. सुरुवात आणि असहमती या दोन गोष्टी घाईत उरकल्या गेल्या, म्हणून त्या इथे सविस्तर लिहून देते.

काही जण म्हणतील, आपल्याला तर धंदा करायचाय, प्लेसमेंटचं काय घेऊन बसलात? पण माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींपैकी बऱ्याच जणांचा हिशोब सरळ असतो. आधी दोन-तीन वर्षं नोकरी, थोडं भांडवल गाठीला, मग स्वतःचं काही. त्या नोकरीच्या दारात अनेक कंपन्या जीडी ठेवतात. सगळ्याच ठेवतात असं नाही. काही ठिकाणी लेखी परीक्षेनंतर थेट मुलाखत होते. पण जिथे जीडी असते तिथे अर्ध्याहून जास्त मुलं त्याच खोलीत गळू शकतात, आणि मार्कशीट चांगली असलेलीही गळतात.

मीही गळले होते. बीबीएच्या तिसऱ्या वर्षाला होते. कोणीतरी सांगितलं होतं की पहिला बोलणाऱ्याला जास्त मार्क. विषय जाहीर झाला आणि मी लगेच सुरू झाले, पाठ केलेली व्याख्या, मग आणखी एक व्याख्या. श्वास घ्यायला थांबले तर समोरच्या मुलाने माझं वाक्य खोडलं. मग त्याचं आणि माझं जुंपलं. निकाल लागला तेव्हा आम्ही दोघंही यादीत नव्हतो. जी मुलगी मध्ये मध्ये चार वेळा शांतपणे बोलली होती, तिचं नाव होतं. तिने काय केलं हे मला खूप उशिरा कळलं.

आधी वेळेचा हिशोब

समजा गटात आठ जण आहेत आणि चर्चा १२ मिनिटांची. म्हणजे ७२० सेकंद. समान वाटले तर प्रत्येकाला ९० सेकंद मिळतात. ही तुमची पूर्ण पुंजी. ती एकाच वेळी पहिल्या दीड मिनिटात उडवली तर उरलेली साडेदहा मिनिटं तुम्ही एकतर गप्प बसता किंवा दुसऱ्याचा वेळ खाता. दोन्ही गोष्टी समोर वही घेऊन बसलेल्या माणसाला दिसतात.

म्हणून ९० सेकंदांचे चार हप्ते करा, साधारण २०-२५ सेकंदांचे. एवढ्या वेळात पन्नासेक शब्द होतात. म्हणजे एक मुद्दा, त्याचं एक कारण आणि पुढच्याला एक प्रश्न. याहून जास्त बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करू नका.

आता प्रत्यक्ष काय होतं ते एका सरावातून बघूया. दुकानाच्या माळ्यावर मी गेल्या महिन्यात आठ जणांना बसवलं. खऱ्या फेरीत लावतात तसे छातीवर नंबर लावले. विचार करायला दोन मिनिटं, चर्चेला १२ मिनिटं. विषय मुद्दाम आपल्या दारातला दिला: "भिवंडीने यंत्रमाग सोडून गोदामांकडे वळावं का?"

ती दोन मिनिटं

बहुतेक जण या दोन मिनिटांत मुद्दे लिहितात. बाजूने पाच, विरोधात पाच. मग बोलताना ती यादी संपवायची घाई होते. त्यापेक्षा कागदावर फक्त तीन गोष्टी लिहा.

पहिली, या प्रश्नाने कोणाकोणाचं आयुष्य बदलतं? आपल्या विषयात माग मालक, मागावरचा कारागीर आणि हायवेजवळ जमीन असलेला शेतकरी. दुसरी, मला नक्की माहीत असलेली एक गोष्ट, जी कोणी उलटून विचारली तरी मी सांगू शकेन. तिसरी, मलाच न सुटलेला एक प्रश्न. हा तिसरा मुद्दा बरेच जण लिहीत नाहीत, पण चर्चा अडली की तोच उपयोगी पडतो.

आकडे आठवत नसतील तर बनवू नका. "ऐंशी टक्के माग बंद पडले" असं कोणीतरी ठोकून देतं, आणि परीक्षकाने फक्त "हा आकडा कुठला?" एवढं विचारलं की पुढचं सगळं बोलणं पातळ होतं. तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट अशा आकड्यापेक्षा जास्त टिकते.

सुरुवात: पहिलं बोलणं आणि सुरुवात करून देणं वेगळं

आमच्या सरावात नंबर एकने वेळ सुरू होताच तोंड उघडलं. "भिवंडीला भारताचं मँचेस्टर म्हणतात, इथला कापड उद्योग फार जुना आहे..." असं एक मिनिट दहा सेकंद चाललं. एकही वाक्य चूक नव्हतं. पण ते संपलं तेव्हा उरलेल्या सात जणांना पुढे काय बोलायचं हे कळलं नाही. दोघांनी तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. म्हणजे तो पहिला बोलला, पण चर्चा सुरूच झाली नाही.

हे ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्यानंतर बोलणारा तुमचा धागा पकडतो की स्वतःचं वेगळंच सुरू करतो? पहिल्या दोन जणांनीही धागा पकडला नाही तर तुमची सुरुवात वाया गेली.

दुसऱ्या मिनिटाला नंबर तीन बोलली. तिचं बोलणं मी वहीत उतरवून घेतलं:

"विषयात भिवंडी म्हटलंय, पण वळणारी माणसं तीन वेगळी आहेत. माग मालक, मागावरचा कारागीर आणि हायवेजवळचा जमीनमालक. गोदाम आलं तर तिघांचं एकसारखं होत नाही. मी कारागिरापासून सुरू करते. मागावर जेवढं विणलं तेवढी मजुरी, गोदामात महिन्याचा पगार, पण बऱ्याचदा कंत्राटदारामार्फत. यातलं जास्त भरवशाचं कोणतं?"

हे साधारण २५ सेकंदांत झालं. तिने कुठलीही बाजू घेतली नाही. तिने विषयाचे तुकडे पाडले, त्यातला एक उचलला, एक फरक सांगितला आणि प्रश्न टाकून थांबली. पुढची तीन मिनिटं सगळे कारागिराबद्दलच बोलत होते. पहिला नंबर एक बोलला होता, पण परीक्षकाच्या वहीत सुरुवात करणारी म्हणून हीच लिहिली जाईल.

म्हणून पहिल्या जागेसाठी झटापट करू नका. तुमच्याकडे असे तुकडे तयार असतील आणि खोली शांत असेल तर पहिले बोला. नसतील तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाला बोला, पण तेव्हा तुकडे पाडून बोला. विषयात "वळावं", "योग्य आहे का", "गरज आहे का" असे शब्द असले की स्वतःला विचारा: कोणी वळावं? कोणासाठी योग्य? बहुतेक वेळा सुरुवात त्या उत्तरातच असते.

इंग्रजीचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. खरी फेरी बहुतेक इंग्रजीत असते आणि आपल्याकडची मुलं मराठी, उर्दू, हिंदी माध्यमातून आलेली असतात. आठवड्याभरात इंग्रजी सुधारत नाही, हे खरं सांगायला हवं. पण वाक्य लहान करता येतं. नंबर तीनचं बोलणं बघा, एकही वाक्य लांब नाही. असं बोलणं साध्या इंग्रजीत नेता येतं. मराठीत पल्लेदार बोलून मनात त्याचं भाषांतर करायला गेलात तर अडखळाल.

पाचव्या मिनिटाला काय झालं

नंबर चार म्हणाला, "मागात आता काही उरलेलं नाही. सूत महाग, वीज महाग, कापडाला भाव नाही. मालकांनी माग भंगारात काढावेत आणि जागा गोदामाला द्यावी. घरबसल्या भाडं मिळेल."

नंबर सातच्या वडिलांचे इथेच माग आहेत. मला ते माहीत होतं, चारला माहीत नव्हतं. सात ताडकन म्हणाला, "तुला काय कळतंय? तुझ्या घरात कधी माग चाललाय का? आमच्या घरी ये आणि मग भंगार म्हण."

खोली गप्प झाली. पुढची पंधरा-वीस सेकंदं कोणी बोललंच नाही. मग नंबर दोनने वेगळाच विषय काढला आणि सात शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसून राहिला.

त्याचा राग खोटा नव्हता. वडिलांच्या आयुष्याला कोणी भंगार म्हटलं तर कोणालाही लागेल. पण नुकसान काय झालं बघा. त्या आठ जणांत मागाबद्दल सगळ्यात जास्त त्याला माहीत होतं, आणि त्यातली एकही गोष्ट टेबलावर आली नाही. चारला उत्तर मिळालंच नाही, फक्त ओरडा मिळाला. खऱ्या फेरीत परीक्षकाने एवढंच लिहिलं असतं: टीका झाली की बिथरतो.

चर्चा संपल्यावर मी त्याला खाली दुकानात नेलं, चहा दिला आणि विचारलं, "चार म्हणाला त्यातलं काय खरं आहे?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, जॉब वर्कवर सूत व्यापाऱ्याचं असतं, आम्हाला विणायची मजुरी मिळते. सूत महागलं की व्यापारी काम थांबवतो आणि माग उभे राहतात. ते खरंच आहे." मी विचारलं, "आणि खोटं काय आहे?" तो म्हणाला, "आमच्या गल्लीत कुठलं गोदाम घ्यायला येणार आहे? ट्रक तरी वळतो का?"

असहमतीसाठी जे लागतं ते सगळं त्याच्याकडे होतं. फक्त ते रागाच्या खाली दबलं होतं.

असहमत होण्याच्या चार पायऱ्या

तासाभराने आम्ही तोच विषय, त्याच नंबरांनी पुन्हा घेतला. चार मुद्दाम तेच बोलला. या वेळी सातने असं उत्तर दिलं:

"नंबर चारचं म्हणणं आहे की माग काढून भाडं घेतलेलं बरं. कमाईबद्दल तो बरोबर आहे. जॉब वर्कवर सूत महागलं की व्यापारी काम थांबवतो आणि माग उभे राहतात. पण भाडं प्रत्येक गाळ्याला मिळेल असं मला वाटत नाही. नारपोलीच्या गल्लीत चाळीस फुटी कंटेनर वळत नाही. मोठी गोदामं उभी राहिली ती मानकोली, पूर्णा, काल्हेरकडच्या मोकळ्या जमिनींवर. मग गल्लीतल्या गाळेवाल्याने काय करायचं? नंबर चार, तुला काय वाटतं?"

आता याचे भाग सुटे करून बघा.

पहिली पायरी, समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत परत सांगणं. "चार म्हणतो माग बंद करा" असं तोडून सांगितलं असतं तर चार लगेच म्हणाला असता, मी असं म्हणालोच नाही. आणि दहा सेकंद त्यातच गेले असते.

दुसरी, त्यातलं खरं उचलून स्वतःच्या माहितीने भक्कम करणं. इथे "हो, पण" चालत नाही. "हो, पण" म्हटलं की ऐकणाऱ्याला "हो" ऐकूच येत नाही. खऱ्या भागाला एक पूर्ण वाक्य द्या.

तिसरी, ते म्हणणं नक्की कुठे तुटतं ते दाखवणं. सातने "तू चुकतोयस" म्हटलं नाही. हायवेजवळच्या जमिनीला भाड्याचं गणित लागू आहे, गल्लीतल्या गाळ्याला नाही, ही सीमारेषा त्याने दाखवली. असहमती माणसाशी नसून त्या सीमेबद्दल होती. आणि कारण असं की खोलीतला कोणीही बाहेर जाऊन तपासू शकेल.

चौथी, चेंडू परत देणं. यामुळे चारला मान खाली न घालता पुढे जाता येतं. तो खरंच म्हणाला, "बरोबर, मोठं गोदाम नाही होणार. पण पॅकिंगच्या कामाला किंवा छोट्या व्यापाऱ्याला माल ठेवायला गाळा देता येईल." चर्चा एक पाऊल पुढे गेली, आणि ती पुढे नेणारे दोघंही गुणांत बसतात.

विषय आपल्या घराचा निघाला तर ही तिसरी पायरी फार सांभाळायची. घरचा अनुभव जरूर वापरा, पण "आमच्या घरी ये" असा नको. परक्यालाही दिसेल अशी गोष्ट करून सांगा. "माझ्या वडिलांचं वाटोळं झालं" याला समोरचा काय उत्तर देणार? "गल्लीत कंटेनर वळत नाही" याला देऊ शकतो.

आणि तुम्ही चारच्या जागी असाल तर? समोरच्याने तुमची चूक बरोबर दाखवली की सरळ मान्य करा आणि तुमच्या म्हणण्यातलं उरलेलं पुढे न्या. चारने तेच केलं. माघार घेतली म्हणून गुण जात नाहीत. तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हटलं की जातात.

चुकीची माहिती कधी दुरुस्त करायची

त्याच चर्चेत नंबर सहा म्हणाला, "गोदामं इथे आली ती मुंबईची जकात वाचवायला, आणि म्हणूनच इथे टिकून आहेत." पहिला भाग बरोबर आहे. मुंबईच्या हद्दीबाहेर माल ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, याने जकातीचे पैसे अडकून पडत नसत. पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. तरी इथली गोदामं हलली नाहीत, उलट मोठी मोठी नवी झाली. म्हणजे आजचं कारण वेगळं असणार. मुंबई जवळ, नाशिक हायवे दारात आणि प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवायची करामुळे असलेली गरज कमी झाली.

ही चूक दुरुस्त करायलाच हवी होती, कारण तिच्यावर सहाचा पूर्ण निष्कर्ष उभा होता. नंबर तीनने ती अशी केली: "सुरुवात जकातीमुळे झाली हे बरोबर. पण २०१७ मध्ये जकात गेल्यावरही गोदामं वाढली, तर आता त्यांना इथे काय धरून ठेवतंय ते बघूया का?" चूक दुरुस्त झाली आणि सहाचा अपमानही झाला नाही.

उलट, कोणी बोलण्याच्या ओघात जीएसटीचं वर्ष २०१६ म्हणालं आणि त्याच्या मुद्द्याला त्याने काहीच फरक पडत नसेल, तर सोडून द्या. निष्कर्ष बदलत असेल तरच दुरुस्ती, हा नियम ठेवा. नाहीतर तुम्ही चर्चेतले मास्तर होता आणि मास्तर कोणालाच सहकारी म्हणून नको असतो.

सगळे एकदम बोलायला लागले तर

आवाज चढवून उपयोग नाही, कारण तुमच्याहून मोठा आवाज असणारा कोणीतरी निघतोच. बोलणाऱ्याचं वाक्य संपत आलं की त्याचा शेवटचा शब्द पकडून आत शिरा: "भाडं म्हणालास त्यावरूनच..." किंवा एक छोटं वाक्य टाका: "दोन मुद्दे एकाच वेळी चाललेत, आधी कारागिराचा संपवूया." एवढ्याने बहुतेक वेळा गट थांबतो. नाही थांबला तर दहा सेकंद जाऊ द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. कोणी बराच वेळ गप्प असेल तर त्याचा नंबर घेऊन विचारा, पण त्याच्याकडे काही बोलायचं आहे असं दिसत असेल तरच. तयारी नसलेल्याला पुढे ढकलणं हा त्याच्यावर डाव टाकण्यासारखा प्रकार आहे आणि तो कळतो.

घरी सराव कसा करायचा

सहा ते आठ जण जमवा, फोन मध्ये ठेवून रेकॉर्ड करा. विषय आपल्या आजूबाजूचाच घ्या. मग रेकॉर्डिंग ऐकताना प्रत्येकाने स्वतःसाठी तीनच गोष्टी मोजायच्या. मी एकूण किती सेकंद बोललो? दुसऱ्याचा मुद्दा किती वेळा उचलून पुढे नेला? दुसऱ्याचं वाक्य किती वेळा तोडलं? आठ जणांच्या १२ मिनिटांच्या चर्चेत पहिला आकडा ७० ते ११० च्या आसपास हवा, दुसरा किमान दोन, तिसरा शून्य. सातच्या पहिल्या फेरीत एकूण बोलणं नऊ सेकंदांचं होतं. दुसऱ्या फेरीत ते ८४ झालं.

त्याची खरी फेरी पुढच्या महिन्यात आहे, निकाल काय लागेल ते मी आत्ता सांगू शकत नाही. पण त्या दिवशी माळ्यावरून उतरताना नंबर चार त्याला विचारत होता, "तुमचे माग बघायला येऊ का रे एकदा?" आणि सात म्हणाला, "ये की, रविवारी ये."

पुढच्या सरावासाठी विषय देऊन ठेवते: "दुकानदाराने उधारी पूर्ण बंद करावी का?" आधी कागदावर त्या तीन गोष्टी लिहा. कोणाची उधारी, हा प्रश्न तिथे सगळ्यात आधी येईल.